घरबसल्या कचेरीचे नियम

आठदहा माणसांची एखादी हिशेबतपासणीची पेढी घ्या. तिघेचौघे घरून काम करतात; एखादा गावी जाताना स्टेशनातील फुकटच्या वाय-फायवरून अशिलाचे कागद पाहतो. अशी पेढी सुरक्षिततेचे नियम करावयास बसली म्हणजे पहिले कलम बहुधा असे पडते : 'बाहेरून काम करताना व्हीपीएन वापरावे.' तेवढ्याने काम संपले असे मानले जाते. आमच्या मते खरे काम तेथून पुढे सुरू होते.

व्हीपीएन म्हणजे कर्मचाऱ्याच्या संगणकापासून कचेरीपर्यंत इंटरनेटमधून काढलेला बंदिस्त बोगदा. आतला मजकूर वाटेत कोणास वाचता येत नाही. स्टेशनातील वाय-फायचे नाव घेऊन शेजारच्या बाकावरील भामटाही आपले जाळे पसरू शकतो. बोगदा असला तर त्याच्या हाती फारसे लागत नाही. मात्र फुकटचे वाय-फाय पुष्कळदा आधी मोबाइल नंबर मागते आणि तो दिल्याखेरीज व्हीपीएन जुळत नाही. म्हणून कलम असे असावे : शक्यतो स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घ्यावा, न जमल्यास व्हीपीएन जुळेपर्यंत कामाचे काहीही उघडू नये.

परंतु बोगदा वाट राखतो, वाटसरूची पारख करीत नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन कंपनीत चोर शिरले ते व्हीपीएनच्याच दाराने. वापरात नसलेले एक जुने खाते तसेच राहिले होते आणि त्याला परवलीच्या शब्दापलीकडे दुसरी खूण लागत नव्हती. पूर्व किनाऱ्याचा इंधनपुरवठा काही दिवस खोळंबला. म्हणून परवलीच्या शब्दासोबत दुसरी खूण सक्तीची करावी आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. दरमहा पगारपत्रक व व्हीपीएनची यादी शेजारी ठेवली की शिल्लक राहिलेले नाव लगेच दिसते.

तिसरा प्रश्न घरच्या संगणकाचा. त्यावर मुलाने चोरटा खेळ उतरविला आणि त्यातून विषाणू आला, तर कर्मचारी जे टंकतो ते चोर वाचतो. कामासाठी वेगळे खाते उघडल्याने धोका घटतो; पण विषाणूला संगणकाचे सर्वाधिकार मिळाले असतील, तर तेही पुरत नाही. अशिलांचे कागद हाताळणाऱ्यास पेढीनेच संगणक द्यावा, हे उत्तम. तो परवडत नसेल, तर तीन अटी घालाव्यात : संगणकाची अद्ययावतता आपोआप व्हावी, डिस्क कूटबद्ध असावी आणि कागद त्यावर उतरवू नयेत.

आणखी एक वाक्य मात्र गाळू नये. मोबाइल हरवल्यास पेढी त्यातील केवळ कामाचे खाते पुसेल, घरची छायाचित्रे नव्हे. आणि तत्काळ कळविणाऱ्यास शिक्षा होणार नाही. हे लिहिलेले नसेल, तर माणूस दोन दिवस मोबाइल शोधत गप्प बसतो, आणि चोराला हवे असतात ते हेच दोन दिवस.