प्रश्न एका ओळीचा, छायाचित्र सबंध कागदाचे

गोंडपिपरी तालुक्यातील पुष्कळ माणसे बल्लारपूर-राजुऱ्याकडे कंत्राटदाराच्या हाताखाली कामाला जातात. त्यांचा पगार, त्यांची कपात, भविष्य निर्वाह निधीत पडलेली रक्कम या सर्वांचा हिशेब कागदावर असतो, आणि कागदाविषयी शंका आली की पूर्वी माणूस एस.टी.त बसून चंद्रपूर किंवा नागपूर गाठीत असे. आता तो खिशातून फोन काढतो, कागदाचे छायाचित्र घेतो, ते जाणत्या माणसाकडे धाडतो आणि खाली लिहितो, "साहेब, हे बरोबर आहे का?" एस.टी.चे भाडे वाचते हे खरे. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळतेच असे नाही, आणि त्याचे कारण बहुधा उत्तर देणाराच्या अज्ञानात नसून धाडलेल्या चित्रात असते. आम्ही संघटनेच्या कामात असे शेकडो कागद पुढे पाठविलेले आहेत. त्यांपैकी एकाची हकीकत येथे सविस्तर सांगतो.

एका कंत्राटी कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये होता. त्याने निधीच्या पासबुकाचा छापील कागद टेबलावर पसरून त्याचे छायाचित्र घेतले. २०२२-२३ या वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा ओळी, वर नाव, खातेक्रमांक, खाली बेरजा, असा तो कागद. हे चित्र त्याने नागपूरच्या एका निवृत्त हिशेबनिसांकडे पाठवून "पैसे कमी पडले आहेत, पाहावे" एवढेच विचारले.

हिशेबनिसांचे उत्तर आले ते असे. कामगाराचा वाटा शेकडा १२, म्हणजे २,१६० रुपये. मालकाचाही तितकाच. पण मालकाच्या वाट्यातून निवृत्तिवेतन योजनेकडे रक्कम वळते. तिच्यासाठी १ सप्टेंबर २०१४ पासून पगाराची मर्यादा १५,००० रुपयांची धरली गेली. तिचे ८.३३ टक्के म्हणजे १,२५० रुपये. उरलेले ९१० मालकाच्या रकान्यात दिसतात. तेव्हा २,१६० च्या जागी ९१० पाहून घाबरू नये, पैसे कोणी खाल्लेले नाहीत.

उत्तर अगदी बरोबर होते. पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते! कागदावर नजर टाकताच डोळ्यांत भरते ती ही ९१० ची गोष्ट, आणि दहांतले नऊ कामगार हेच विचारतात. म्हणून त्या सद्गृहस्थांनी हाच प्रश्न असणार असे धरले. आमच्या माणसाची तक्रार एकाच महिन्याची होती. मार्च २०२३ च्या पगारचिठ्ठीत त्याच्या पगारातून २,१६० कापलेले होते आणि पासबुकात त्या महिन्याच्या ओळीत त्याच्या नावे १,८०० पडलेले होते. तीनशेसाठ रुपये मधल्या मधे कोठे गेले, हा त्याचा प्रश्न.

चित्र पुन्हा धाडायचे ठरले. "पुन्हा धाडणे" म्हणजे तेच चित्र तीनदा धाडणे नव्हे, हे मुद्दाम सांगावे लागते. कारण आमच्याकडे लोक तसेच करतात.

प्रथम चित्र कापायचे. कापण्याचे कारण केवळ लक्ष एकाग्र व्हावे एवढेच नाही. फोनने घेतलेले साधारण चित्र आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपक्यांचे असते. या ठिपक्यांनाच पिक्सेल म्हणतात. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने चित्र धाडले म्हणजे ते वाटेत लहान केले जाते आणि त्याची लांब बाजू सुमारे १,६०० ठिपक्यांवर येते. मूळ चित्रात जो आकडा वीस ठिपके उंच होता, तो पोहोचतो तेव्हा आठ ठिपक्यांचा होतो. आठ ठिपक्यांत ६ आणि ८, ३ आणि ८ ही भावंडे ओळखू येत नाहीत. पलीकडचा माणूस बोटांनी चित्र मोठे करून पाहतो, पण वाटेत गळालेले ठिपके मोठे केल्याने परत येत नाहीत. उलट, आम्ही मूळ चित्रातून उजवीकडचा दोन पंचमांश रुंदीचा भाग कापून घेतला आणि त्याची उंचीही १,६०० ठिपक्यांच्या आत ठेवली, तर तो १,६०० ठिपके रुंदच असतो. त्याला लहान करण्याचे कारणच उरत नाही, आणि वीस ठिपक्यांचा आकडा वीसच ठिपक्यांचा पोहोचतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कापायचे ते आपल्या फोनवरील मूळ चित्र; व्हॉट्सॲपवरून आपल्याकडे आलेले चित्र कापून काही हाती लागत नाही, कारण ते आधीच झिजलेले असते. दुसरी थोडी फसवी आहे. एका ओळीचा प्रश्न म्हणून माणूस कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक पट्टी कापतो. पट्टी अरुंद झाली तरी लांबी ४,००० ठिपक्यांचीच राहिली, म्हणजे तीही तितकीच लहान केली जाणार. काही मिळाले नाही. लांबीच कमी झाली पाहिजे. आणि तसे करता येत नसेल, तर कागदाच्या जवळ जाऊन नव्याने छायाचित्र घ्यावे किंवा चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावे, म्हणजे ते जसेच्या तसे जाते.

आता किती कापायचे? येथे उत्साही माणसे घोटाळा करतात. फक्त १,८०० हा आकडा कापून धाडला तर तो आकडा कशाचा, कोणत्या महिन्याचा, हे कोण सांगणार? आम्ही मार्चची ओळ घेतली, तिच्यावरच्या फेब्रुवारी व जानेवारीच्या ओळी घेतल्या, आणि रकान्यांची नावे असलेली शीर्षाची ओळ येईल इतकी उंची ठेवली. वरच्या ओळींत २,१६०, ९१० आणि १,२५० हे आकडे होते. मार्चच्या ओळीत १,८००, ५५० आणि १,२५०. शेजारच्या ओळी नसत्या तर मार्च वेगळा आहे हे चित्रावरून कळलेच नसते. शिवाय हा कागद कोणत्या निधीचा हेही लिहून कळविले. आपल्या भागात ही गोष्ट विसरून चालत नाही. कारण कोळसा खाणीतील कामगारांचा निधी १९४८ च्या निराळ्या कायद्यातून आला आहे आणि त्याचा हिशेब वेगळा चालतो. कागदाच्या माथ्यावरचे नाव कापले गेले की वाचणारा एका निधीचे गणित दुसऱ्याला लावतो.

मग खूण. फोनमधील चित्रदुरुस्तीच्या सोयीत रेघा ओढण्याची लेखणी असते. मार्चच्या ओळीतील १,८०० भोवती आम्ही लाल चौकट काढली आणि बाहेर मोकळ्या जागेत 'अ' लिहिले. चौकट आकड्याला चिकटू द्यायची नाही. याला कारण आहे. छायाचित्रे ज्या पद्धतीने साठविली जातात तिच्यात उजेड-अंधार बारकाईने ठेवतात, रंग मात्र जाड्याभरड्या मापाने ठेवतात. कारण माणसाचा डोळा रंगाच्या कडा तितक्या नेमकेपणी पाहत नाही. म्हणून बारीक लाल रेघेचा रंग शेजारच्या ठिपक्यांत ओघळतो आणि चिकटलेला आकडा मळतो. रेघ जाड असावी, आकड्यापासून बोटभर दूर असावी. आकड्यावरून पिवळा रंग फिरविण्याची शाळकरी सवय तर सोडूनच द्यावी. खुणाही एक-दोनच असाव्यात. सात बाण काढलेले चित्र म्हणजे पुन्हा सबंध कागदच झाला.

पगारचिठ्ठीतूनही कपातीचा भाग असाच कापला. त्यावर महिन्याचे नाव ठेवले आणि २,१६० भोवतीच्या चौकटीला 'ब' म्हटले. मग प्रश्न लिहिला: "मार्च २०२३. पगारातून कापले ते ब, खात्यात पडले ते अ. फरक ३६०. निवृत्तिवेतनाच्या रकान्याविषयी विचारणे नाही. फरक कशाने पडला असावा?" ही शेवटून दुसरी ओळ आम्हांला फार मोलाची वाटते. पहिल्या वेळी उत्तर जिकडे घसरले होते ती वाट तिने बंद केली.

उत्तर तासाभरात आले. १,८०० म्हणजे १५,००० चे १२ टक्के. मालकाकडील ५५० म्हणजे १,८०० वजा १,२५०. दोन्ही आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात. त्या महिन्याच्या विवरणात कंत्राटदाराने पगार १८,००० ऐवजी १५,००० भरला होता. त्यामुळे कामगाराच्या खात्यात त्याच्याच पगारातून कापलेले ३६० आले नाहीत, आणि मालकाच्या बाजूचेही ३६० आले नाहीत. एकूण ७२० रुपये. मालकाचे ३६० चौकटीत नव्हते. शेजारच्या ओळी व रकाने ठेवले होते म्हणूनच ते हिशेबनिसांच्या नजरेस आले.

कापण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि एक धोकाही. पासबुकाच्या माथ्यावर नाव व खातेक्रमांक, पगारचिठ्ठीवर बँकेचे खाते. हे दहा फोनांवर फिरावे असे कोणालाही वाटणार नाही. लोक त्यावर फोनच्या लेखणीने काळे फासतात. पण तीतील काही लेखण्या अर्धपारदर्शक असतात. डोळ्यांना काळे दिसते आणि चित्राचा उजेड वाढविला की खालचे आकडे वर येतात. म्हणून झाकण्यापेक्षा कापून टाकणे बरे, आणि झाकायचेच तर पूर्ण भरीव चौकोनाने झाकावे. कापण्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. मार्च २०२३ मध्ये सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन या दोघांनी दाखवून दिले की गूगलच्या पिक्सेल फोनांतील 'मार्कअप' या साधनाने कापलेल्या पडदाचित्रांत टाकून दिलेला भाग फायलीच्या शेपटीला तसाच राहत होता आणि तो पुष्कळसा परत काढता येत होता. विंडोजच्या 'स्निपिंग टूल'मध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही दोष त्याच महिन्यात दुरुस्त झाले. पण त्यापूर्वी कापून धाडलेली चित्रे दुरुस्तीने बदलत नाहीत. ती जेथे आहेत तेथे आपले पोट उघडे ठेवून आहेत.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. कापलेले व खूण केलेले चित्र प्रश्न विचारण्यापुरते असते, पुरावा म्हणून नव्हे. पहिल्या खुणेच्या आधी मूळ चित्राची प्रत करून ठेवावी आणि खुणा प्रतीवर कराव्यात. काही फोन 'सेव्ह' म्हणताच मूळ चित्रावरच नवे चित्र लिहितात, तेथे 'सेव्ह कॉपी' दाबावे. कंत्राटदाराला ७२० रुपयांविषयी जे पत्र गेले, त्याला आम्ही सबंध पासबुक आणि सबंध पगारचिठ्ठी जोडली, एकही रेघ न मारता. अ आणि ब ही चित्रे जोडली नाहीत. अर्धा कागद पाहून समोरचा पहिल्याने हेच विचारतो की उरलेल्या अर्ध्यावर काय होते.