आधी पान, मग वाक्य

गेल्या जूनमध्ये जुन्या आत्मचरित्रांवरच्या लेखाची तयारी सुरू केली. ग्रंथालयातली ती पुस्तकं घरी नेता येत नव्हती, म्हणून हवी ती पानं मोबाइलवर टिपत गेले. अवतरणांची यादी पुरी व्हायला नोव्हेंबर उजाडला. त्या पाच महिन्यांकडे वळून पाहताना जाणवतं, की खरं काम फोटो काढून झाल्यावर सुरू झालं.

पहिल्या महिन्यात मी फक्त परिच्छेदाचा फोटो घेत होते. पृष्ठांक चौकटीबाहेर राहायचा आणि घरी आल्यावर वाक्य हाती असूनही पान सापडायचं नाही. मग क्रम बदलला. प्रत्येक पुस्तकाचा पहिला फोटो आवृत्ती आणि वर्ष छापलेल्या पानाचा, कारण आवृत्ती बदलली की पृष्ठांकही सरकतात. त्यानंतर अख्खं पान, चारही कोपऱ्यांसह.

तरीही पुसट छपाईत आकडे फसवतात. एका अवतरणापुढे मी पृ. १२६ लिहिलं होतं. फोटोत पुस्तकाची शिवण डावीकडे दिसत होती, म्हणजे ते उजवं पान. उजव्या पानाचा क्रमांक विषम असतो, म्हणून १२६ असणं शक्य नव्हतं. पुढच्या फोटोत १२४ स्पष्ट होतं. माझं पान १२३ ठरलं. १ आणि ९ यांच्या गोंधळात मात्र ही खूण चालत नाही, कारण दोन्ही विषम. तिथे शेजारचं पानच पाहावं लागतं.

ऑगस्टमध्ये टंकनाचा कंटाळा आला आणि फोटोतला मजकूर फोनकडूनच उतरवून घेऊ लागले. वेळ वाचला, पण ‘घर’चं ‘धर’ आणि ‘भार’चा ‘मार’ होऊ लागला. दोन्ही शब्द मराठीतलेच, त्यामुळे शुद्धलेखन-तपासणीत ते सापडत नाहीत. त्याहून मोठं नुकसान अनुस्वारांचं. १९६२च्या नियमांआधीच्या पुस्तकांत ‘तें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. टिंब गळलं की लेखिका एका गोष्टीबद्दल बोलते की अनेक माणसांबद्दल, हेच कळेनासं होतं. म्हणून प्रत्येक अवतरण फोटो मोठा करून अक्षरागणिक ताडून पाहिलं. जुनं लेखन जसंच्या तसं ठेवलं.

शेवटी यादीत चार रकाने राहिले: पुस्तक व आवृत्ती, पृष्ठ, अवतरण, फोटोचा क्रमांक. १२३वर सुरू होऊन १२४वर संपणाऱ्या अवतरणात, पान उलटतं तिथे तिरकी रेघ मारली. लेखात पुढे त्याचा पूर्वार्धच घेतला, तेव्हा त्या रेघेमुळेच ‘पृ. १२३-१२४’ऐवजी नुसतं ‘पृ. १२३’ लिहिता आलं.

असं काम हाती घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: पुस्तक परत करण्यापूर्वी, त्याच टेबलावर बसून, प्रत्येक फोटोत पृष्ठांक वाचता येतो का ते पाहा.