टाके घातलेली जखम : चौथा दिवस महत्त्वाचा

बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली रुग्णालयात किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठीवरची चरबीची गाठ काढली, की पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी जातो. जंतुसंसर्ग मात्र सहसा चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान डोकं वर काढतो. म्हणजे जखम बिघडली, तर ती डॉक्टरांच्या नव्हे, घरच्यांच्या नजरेसमोर बिघडते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘संसर्ग वाटल्यास या’ एवढंच लिहून भागत नाही. वाटायचं कशावरून, तेही घरच्या भाषेत सांगायला हवं.

समजा, ऑपरेशन सोमवारी झालं. बुधवारपर्यंत टाक्यांलगत थोडी सूज, ठणका, पट्टीवर लालसर पाण्याचा डाग असणारच; ती भरून येण्याची सुरुवात असते. खरी परीक्षा शुक्रवारपासून. त्या सुमारास दुखणं रोज थोडं उतरायला हवं. उतरलेलं दुखणं पुन्हा चढलं, सूज पसरली, घट्ट पिवळा किंवा घाण वासाचा स्राव आला, टाक्यांची कड उघडली किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नये. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून स्वच्छ हाताची मागची बाजू जखमेच्या आजूबाजूला लावून उष्णता पाहावी आणि सुजेच्या कडेनं पेनाने रेघ मारावी. दुसऱ्या दिवशी सूज रेघेबाहेर गेली असेल, तर वादाला जागा उरत नाही. मधुमेह असलेल्यांना दुखणं कमी जाणवू शकतं. त्यांची एकाएकी वाढलेली साखर हीदेखील खूणच समजावी.

‘गोळ्या चालू आहेत, मग काळजी कसली?’ असं कुणी म्हणेल. पण आत पू साठला असेल, तर त्याला वाट करून द्यावीच लागते. नुसत्या गोळीनं तो जात नाही. भात आणि आंबट खाल्लं की पू होतो, हा समज तर घरोघरी आहे. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. उलट जखम भरायला डाळ, अंडी, लिंबू, आवळा लागतात, आणि पथ्याच्या नावाखाली नेमकं हेच ताटातून जातं. हळद किंवा राख मात्र जखमेवर नको. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर दोन दिवस पट्टी कोरडी ठेवावी. नंतर अंगावरून साधं पाणी गेलं तरी चालतं, घासायचं नाही आणि विहिरीत, कालव्यात पोहायचं नाही.

टाक्यांची तारीख जागेवर ठरते : चेहऱ्याचे पाचव्या दिवसाच्या आसपास, पाठीचे किंवा पायाचे दहा ते चौदा दिवसांनी. ते घरी ब्लेडनं काढू नयेत. नर्स धागा गाठीखाली, अगदी कातडीलगत कापते. बाहेर राहिलेला मळका धागा आतून ओढला जाऊ नये म्हणून. टाके निघाले तरी दोन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या ताकदीचा दहावा हिस्साही जेमतेम असतो. त्यामुळे पाठीवर टाके असलेल्या ऊसतोड कामगारानं डोक्यावर मोळी घेण्याआधी किती दिवस थांबायचं, हे टाके काढतानाच विचारून घ्यावं.