फोन आईचा, खाते मुलाचे. मग आईलाच ‘नो एंट्री’ का?

समजा, घरातला एक अँड्रॉइड फोन आई आणि दहा वर्षांचा मुलगा मिळून वापरतात. वडिलांनी गुगलच्या ‘फॅमिली लिंक’ अॅपमधून मुलाचे खाते काढले आणि ते याच फोनवर सुरू केले. दोन दिवसांनी आई त्यावर स्वतःचे जीमेल टाकायला गेली, तर फोन ते घेईना. प्ले स्टोअरमधून ९९ रुपयांचे अॅप घेताना परवानगीची विनंती थेट वडिलांच्या फोनवर गेली.

नेमके काय अडले?

फोन बिघडलेला नाही. भारतात १३ वर्षांखालील मुलाचे गुगल खाते पालकांच्या देखरेखीखाली असते. ते सुरू केले की फोनचा तो भाग गुगलच्या लेखी मुलाचा होतो. तिथे दुसरे वैयक्तिक खाते चालू दिले, तर मूल त्यातून सगळ्या मर्यादा चुकवेल. म्हणून फक्त शाळेने दिलेल्या खात्याला, तेही पालकांच्या संमतीने, वाट मोकळी असते. फोन हातात कोणाच्या आहे, हे त्याला कळत नाही.

मार्ग काय?

खरेदीची अट सैल करायची असेल, तर वडिलांनी फॅमिली लिंकमध्ये मुलाचे नाव निवडून गुगल प्लेच्या सेटिंगमध्ये जावे. प्रत्येक डाउनलोडला, फक्त पैशांच्या खरेदीला की फक्त अॅपमधल्या खरेदीला परवानगी हवी, हे तिथे ठरवता येते. पण आईची अडचण याने सुटणार नाही, कारण खाते मुलाचेच राहते.

तिच्यासाठी फोनच्या सेटिंगमधल्या ‘अकाउंट्स’मधून मुलाचे खाते काढावे लागेल. तेव्हा वडिलांच्या खात्याचा पासवर्ड विचारला जातो. मग आईचे खाते टाकावे, स्क्रीनला तिचा पिन लावावा आणि ‘मल्टिपल युजर्स’मधून मुलासाठी वेगळा युजर उघडून त्याचे खाते तिथे सुरू करावे. पिन लावला नाही, तर मूल एका टिचकीत आईच्या बाजूला येईल. अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये मात्र हा पर्याय नसतो. मग फोन एकाच्याच नावे ठेवणे भाग आहे.

वैतागून फोन रिसेट करू नका. फोनमधला डेटा जाईल आणि सुरू होताना तो पुन्हा जुन्याच खात्याची ओळख मागू शकतो.

कुलूप कुठे लागत नाही?

ही परवानगी फक्त गुगल प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीला लागते. एखाद्या संकेतस्थळावर कार्डाने किंवा यूपीआयने दिलेले पैसे फॅमिली लिंक अडवत नाही. त्यामुळे मुलाच्या बाजूला यूपीआय अॅप ठेवू नका आणि पिन त्याला सांगू नका.