लाळेचा फेरा

2008 साली लंडनमधल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना अर्धा लिटर बीटाचा रस प्यायला दिला आणि दर थोड्या वेळाने त्यांचा रक्तदाब मोजला. अडीच-तीन तासांत वरचा आकडा सुमारे दहाने आणि खालचा सुमारे आठने उतरला. इथवर काही विशेष नाही. एखादी भाजी रक्तदाबाला चांगली असते हे आपल्याकडे कोणीही सांगेल. पण याच प्रयोगाचा दुसरा भाग मोठा गमतीचा होता. काही जणांना रस पाजून पुढचे तीन तास तोंडात येणारी लाळ गिळायची नाही, थुंकत राहायचे, असे सांगण्यात आले. रस तोच होता, पोटात गेला तोही तेवढाच. पण या मंडळींचा रक्तदाब उतरला नाही.

पोटात गेलेल्या पदार्थाचा गुण तोंडातल्या थुंकीवर का अवलंबून असावा? बीट आणि पालेभाज्यांच्या गुणाची सगळी मेख या एका प्रश्नात आहे.

वनस्पतीला नत्र लागते आणि ते ती जमिनीतून मुख्यतः नायट्रेटच्या रूपात शोषते. त्यापासून प्रथिने बनवायला तिला ऊर्जा लागते, म्हणजे अखेर ऊन लागते. ऊन कमी आणि खत भरपूर असले की नायट्रेट वापरले जाण्यापेक्षा साठत जाते. ही साठवण पानांत, त्याहूनही देठांत होते. बीट आणि मुळा यांच्या जमिनीखालच्या भागातही ती असते. पालक, माठ, चाकवत, मुळ्याचा पाला ही सगळी अशी साठवण करणारी घराणी. उलट बटाटा, टोमॅटो, वाटाणा यांच्यात नायट्रेट फारच थोडे. म्हणून ‘भाज्या खा’ हा सल्ला या बाबतीत पुरेसा नेमका नाही.

आता या नायट्रेटचा माग काढू. समजा, एखाद्याने रसातून 400 मिलिग्रॅम नायट्रेट घेतले. आकडा मी उगाच निवडलेला नाही, पुढे तो एका महत्त्वाच्या चाचणीत भेटणार आहे. हे नायट्रेट लहान आतड्यातून जवळजवळ सगळेच्या सगळे रक्तात शोषले जाते आणि तास-दीड तासात त्याची रक्तातली पातळी शिगेला पोचते. पण गंमत अशी की त्या वेळी रक्तदाब तळाला गेलेला नसतो. तो आणखी तास-दीड तासाने जातो. म्हणजे काम करणारा पदार्थ नायट्रेट नव्हे. मधल्या काळात त्याचे दुसरे काहीतरी होत असले पाहिजे.

ते होते तोंडात. लाळग्रंथी रक्तातले नायट्रेट ओढून घेतात आणि लाळेत त्याची पातळी रक्ताच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक होते. घेतलेल्या नायट्रेटचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे आपल्या हिशेबातले 100 मिलिग्रॅम, असा पुन्हा तोंडात येतो. उरलेले बहुतेक मूत्रावाटे निघून जाते. जिभेच्या मागच्या भागातल्या खाचाखोचांत जे जिवाणू राहतात, त्यांतल्या काहींना ऑक्सिजन कमी असताना श्वसनासाठी नायट्रेट चालते. ते नायट्रेटमधला ऑक्सिजनचा एक अणू काढून घेतात, उरते नायट्राइट. लाळेतल्या नायट्रेटचा ढोबळमानाने पाचवा भाग असा बदलतो. म्हणजे 400 मधल्या जेमतेम वीसेक मिलिग्रॅमवर पुढची सारी मदार. आपल्या स्वतःच्या पेशींना हे काम म्हणण्यासारखे जमत नाही. ते जिवाणूंकडेच सोपवलेले आहे.

नायट्राइट गिळले की ते जठरातल्या आम्लात पडते आणि त्यातले काही तिथेच नायट्रिक ऑक्साइड या वायूत रूपांतरित होते. 1994 साली स्वीडन आणि ब्रिटनमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे हे दाखवले. स्वीडिश गटाने तर माणसांनी दिलेल्या ढेकरांतला वायू मोजला! उरलेले नायट्राइट रक्तात शिरते आणि जिथे ऑक्सिजन कमी असतो अशा जागी त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनते. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला सैल करतो, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. रक्तवाहिन्यांचे अस्तर हा वायू स्वतःही बनवते. तो शरीरात निरोप्याचे काम करतो हे दाखवल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चे नोबेल मिळाले. पण अस्तराच्या पद्धतीला ऑक्सिजन लागतो, तर लाळेवाटे येणारा मार्ग ऑक्सिजनच्या टंचाईत चालतो. एक थकते तिथे दुसरा उपयोगी पडतो.

थुंकणाऱ्यांचे कोडे इथे सुटते. त्यांच्या रक्तात नायट्रेट भरपूर होते, पण नायट्राइट गिळलेच गेले नाही. याची उलटतपासणीही झाली आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना आठवडाभर दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीन असलेल्या जंतुनाशक द्रवाने चुळा भरायला लावल्या. तोंडात नायट्राइट बनणे जवळजवळ थांबले आणि रक्तदाबाचा वरचा आकडा दोन ते साडेतीनने चढला. त्यांना बीट कोणी दिलेले नव्हते. रोजच्या जेवणातल्या नायट्रेटचाच आधार सुटला होता. जठराच्या बाजूनेही पुरावा आहे. आम्ल दाबणारी ‘प्राझोल’ वर्गातली गोळी आधी दिली, तर तोंडाने घेतलेल्या नायट्राइटने रक्तदाब उतरत नाही, असे 2017 मध्ये दिसून आले. याचा अर्थ दंतवैद्याने किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध टाकून द्यावे असा नाही. मात्र निव्वळ ताजेतवाने वाटते म्हणून वर्षानुवर्षे जंतुनाशकाच्या चुळा भरणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

लंडनच्या पहिल्या प्रयोगात एक उणीव होती. तुलनेसाठी दिले होते साधे पाणी, आणि बीटाचा रस प्यायलेल्याला आपण काय प्यायलो हे न कळणे अशक्य. यावर तोडगा निघाला तो फार नामी. रस एका विशिष्ट राळेतून गाळला की नायट्रेट तेवढे अडकते. रंग, चव, साखर सगळे जसेच्या तसे राहते. आता पिणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही फरक कळत नाही. 2015 साली त्याच लंडनमधल्या गटाने उच्च रक्तदाबाच्या 68 रुग्णांवर चार आठवडे चाचणी केली. निम्म्यांना रोज पाव लिटर खरा रस, ज्यात सुमारे 400 मिलिग्रॅम नायट्रेट होते, आणि निम्म्यांना नायट्रेट काढलेला. खऱ्या रसाने दवाखान्यात मोजलेला वरचा आकडा जवळपास आठने उतरला आणि घरी मोजलेलाही तेवढाच. नायट्रेटविरहित रसाने तसे काही झाले नाही. रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत सारे पूर्वपदावर आले.

त्या शेवटच्या वाक्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. रसाने व्याधी बरी होत नाही. नायट्रेट येत राहील तोवरच परिणाम राहतो. शिवाय इतर चाचण्यांतले आकडे याहून लहान आहेत, आणि काहींत, विशेषतः मधुमेही रुग्णांत, परिणाम दिसलेलाच नाही. आठ अंश उतरणे ही एखाद्या औषधाच्या तोडीची गोष्ट आहे, म्हणून चालू गोळी बंद करून बीटावर विसंबण्याचा मोह होतो. तो टाळावा. ज्याला स्वतःपुरते तपासायचे असेल त्याने आधी आठवडाभर रोज ठरावीक वेळी, बसून, पाच मिनिटे शांत राहून रक्तदाब लिहून ठेवावा, मग महिनाभर रस घेताना तसाच लिहावा, मग थांबवून पुन्हा. एकेका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो, सरासरीला असतो. गोळ्या चालू असतील तर हे डॉक्टरांना सांगूनच करावे, कारण दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन चक्करही येऊ शकते.

दमसासाची गोष्ट निराळ्या कारणाने चक्रावणारी आहे. ठरावीक गतीने सायकल मारायला ठरावीक ऑक्सिजन लागतो, व्यायामाने माणूस जास्त ऑक्सिजन पुरवू लागतो, पण त्या कामाचा ऑक्सिजनचा खर्च फारसा बदलत नाही, अशी शरीरक्रियाशास्त्रात ठाम समजूत होती. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठात आठ तरुण-मध्यमवयीन पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर रस दिला. मध्यम गतीच्या सायकलिंगला विश्रांतीच्या वर जो जादा ऑक्सिजन लागतो, तो सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटला. अगदी जोरात सायकल मारून थकून थांबेपर्यंतचा वेळ 583 सेकंदांवरून 675 सेकंदांवर गेला. तेच काम कमी ऑक्सिजनमध्ये होत होते. स्नायूला आकुंचनासाठी लागणारी ऊर्जाच कमी होते, की पेशींतली ऊर्जा बनवणारी यंत्रणा जास्त काटकसरीने चालते, यावर अजून वाद चालू आहे.

583 चे 675 म्हणजे सोळा टक्के, पण धावण्याची शर्यत सोळा टक्के लवकर संपते असे कोणी समजू नये. थकेपर्यंत टिकण्याचा वेळ थोड्याशा सुधारणेनेही खूप ताणला जातो. शर्यतीच्या वेळेत तोच लाभ एखाद-दोन टक्क्यांइतका उरतो. तोही हौशी माणसाला. अव्वल दर्जाच्या, वर्षानुवर्षे सराव केलेल्या खेळाडूंत तो बऱ्याचदा दिसतच नाही. त्यांची नायट्रिक ऑक्साइडची स्वतःची व्यवस्था आधीच तयारीची असते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. घ्यायचाच तर रस श्रमाच्या दोन-अडीच तास आधी घ्यावा लागतो. मैदानावर उतरताना घोट घेणाऱ्याचे नायट्रेट अजून लाळेपर्यंतही पोचलेले नसते.

स्वयंपाकघरात हा हिशेब अडतो तो दोन ठिकाणी. एक, नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, म्हणून पालक उकडून पाणी ओतून दिले की त्याचा मोठा हिस्सा मोरीत जातो. डाळ घालून केलेल्या पातळ भाजीत ते पाणी ताटातच येते, त्यामुळे आपली जुनी पद्धत इथे सरस ठरते. कोवळे देठ तर टाकूच नयेत. दोन, बीटा-बीटात फरक फार. एका शेतातल्या बीटात दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट नायट्रेट असू शकते आणि ते रंगावरून कळत नाही. लाल रंगाचा आणि नायट्रेटचा संबंधच नाही. 400 मिलिग्रॅमसाठी पाव ते अर्धा किलो बीट लागेल, याहून नेमके सांगता येत नाही. लघवी गुलाबी झाली तर तो रंगाचा परिणाम, घाबरण्याचे कारण नाही. मात्र बीट आणि पालक दोन्हींत ऑक्झलेट भरपूर असते, तेव्हा मूतखड्याचा त्रास असलेल्याने रोजचा रस सुरू करू नये.

हेच नायट्रेट विहिरीच्या पाण्यात आले की त्याला प्रदूषण म्हणतात. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि ती मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी. तान्ह्याच्या जठरात आम्ल कमी असल्याने जिवाणू तिथेही वाढून नायट्राइट बनवू शकतात. नायट्राइटमुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती जाते आणि ती दुरुस्त करणारी यंत्रणा बाळात अजून कच्ची असते. बाळ निळे पडते. म्हणूनच पालकाची किंवा बीटाची पेज करून ती उघडी ठेवून संध्याकाळी बाळाला भरवणे धोक्याचे. जिभेवरचे काम मग भांड्यातलेच जिवाणू करून ठेवतात, आणि त्याला मोजमाप नसते. मोठ्यांनीही रस काढल्यावर लगेच प्यावा, नाहीतर थंड ठेवावा.