चालणारी फिल्म आणि शाबूत फिल्म

लग्नाची फिल्म पेन ड्राइव्हवरून हार्ड डिस्कवर उतरवली, व्हीएलसीत उघडली, सुरुवातीचे सनईचे सूर ऐकले, मधेच एकदा पुढे सरकवून मंगलाष्टकं चालू आहेत ना ते पाहिलं, आणि झालं समाधान. बहुतेक घरांत व्हिडिओ तपासायची पद्धत एवढीच असते. त्या दोन जागा सोडून उरलेल्या दोन तासांत काय आहे ते कोणी पाहत नाही, आणि फोल्डरात अशा पन्नास फायली असल्या तर पाहणं शक्यही नाही.

त्यात प्लेअर आपल्या बाजूने नसतो. त्याचं काम फिल्म चालू ठेवण्याचं आहे, तक्रार करण्याचं नाही. फायलीचा एखादा तुकडा खराब निघाला तर तो आधीच्या फ्रेममधून अंदाजाने चित्र भरून काढतो आणि पुढे जातो. क्षणभर चौकोनी ठिपके दिसतात, नवरदेवाचा फेटा पळभर विरघळल्यासारखा होतो, एवढंच. नुकसान मोठं असलं तरच फिल्म थांबते. म्हणजे ‘चालतेय’ यावरून फाइल शाबूत आहे असं ठरत नाही.

प्लेअर जे गिळून टाकतो ते बोलून दाखवणारं साधन फुकट मिळतं. त्याचं नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० मध्ये ते सुरू केलं. व्हीएलसीसुद्धा बऱ्याचशा फायली याच प्रकल्पातल्या डीकोडरने उलगडतो. फरक इतकाच, की इथे त्याला पडदा नाही. फाइल पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत पूर्ण उलगडायची, उलगडलेलं चित्र आणि आवाज कुठेही न ठेवता टाकून द्यायचा, आणि वाटेत जी कुरकुर झाली ती फक्त लिहून ठेवायची. या टाकून देण्याच्या जागेला एफएफएमपेगमध्ये `null` म्हणतात. डिस्कवर नवी फाइल तयार होत नाही आणि मूळ फायलीला हातही लागत नाही.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून, त्या फोल्डरात जाऊन ही एक ओळ दिली की पुरतं:

```
for %f in (*.mp4 *.mkv *.mts) do ffmpeg -nostdin -v error -i "%f" -map 0:v -map "0:a?" -f null - 2> "%f.log"
```

हीच ओळ बॅच फायलीत ठेवायची असेल तर प्रत्येक `%f` च्या जागी `%%f` लिहावं लागतं. मॅक किंवा लिनक्सवर तिचं रूप असं:

```
for f in *.mp4; do ffmpeg -nostdin -v error -i "$f" -map 0:v -map "0:a?" -f null - 2> "$f.log"; done
```

यातले काही शब्द समजून घेण्यासारखे आहेत. `-v error` मुळे एरवीची लांबलचक बडबड बंद होते आणि फक्त चुका उरतात. `-map` चे दोन भाग नसले तर एफएफएमपेग एकच चित्रधारा आणि एकच ध्वनिधारा निवडतं, मग दुसऱ्या भाषेचा ट्रॅक खराब असला तरी ते कळत नाही. `0:a?` मधलं प्रश्नचिन्ह म्हणजे ‘आवाज असला तर घे, नसला तर अडू नकोस’. मॅकचं टर्मिनल त्या प्रश्नचिन्हाचा भलताच अर्थ लावतं, म्हणून अवतरणचिन्हं. शेवटचं `2>` चुकांचा मजकूर त्या त्या फायलीच्या नावाच्या `.log` मध्ये टाकतं.

निकाल वाचायला मग काही शिकावं लागत नाही. फोल्डर उघडायचं आणि फायली आकारानुसार लावायच्या. ज्यांचा लॉग शून्य बाइटचा, त्यांनी तक्रार केली नाही. ज्यांच्या लॉगमध्ये काही आहे, त्यांच्याकडे पाहायचं. प्रोग्राम ‘यशस्वी’ संपला की नाही यावर विसंबू नये. एफएफएमपेग दुरुस्त करता येण्याजोग्या चुकांवर थांबत नाही, आणि निम्म्याहून कितीतरी जास्त फ्रेम उलगडायच्या राहिल्याशिवाय अपयशाचा संकेतही देत नाही. लॉग हाच निकाल.

वेळ लागतो, पण फिल्म पाहण्याइतका नाही. साठ जीबीचं फोल्डर सेकंदाला शंभर एमबी वाचणाऱ्या बाहेरच्या डिस्कवर असेल तर नुसतं वाचायलाच दहा मिनिटं हवीत. त्यावर प्रोसेसरचं काम, आणि फोरके फायली असतील तर ते बरंच. रात्री लावून झोपावं. घाई म्हणून काही जण ओळीत `-c copy` घालतात. मग काम झपाट्याने होतं खरं, पण चित्र उलगडलंच जात नाही, नुसती पाकिटं मोजली जातात. आतला माल तपासायचा असेल तर ही पळवाट कामाची नाही.

आता लॉगमध्ये काय सापडतं ते पाहू. मावसबहिणीच्या डिस्कवर तिच्या लग्नाचं फोल्डर होतं. स्टुडिओने दिलेली फिल्म, भावाच्या कॅमकॉर्डरच्या क्लिपा, नातेवाइकांच्या फोनमधल्या फायली. “दादा, सगळं नीट चालतंय की,” असं ती म्हणत होती, आणि तिच्या दृष्टीने ते खरंही होतं. बहुतेक लॉग रिकामे आले. तीन रिकामे नव्हते.

पहिल्यात महत्त्वाची ओळ होती: `moov atom not found`. एमपी४ फायलीत चित्र-आवाजाचा ढिगारा एका भागात असतो आणि कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी `moov` नावाच्या दुसऱ्या भागात. फोन ही यादी बहुधा चित्रण थांबवल्यावर शेवटी लिहितो. चित्रण चालू असताना बॅटरी संपली किंवा कॉपी अर्धवट राहिली, तर ढिगारा आहे पण यादी नाही अशी फाइल उरते, आणि ती कुठेच उघडत नाही. हिने ती फाइल कधी उघडलीच नव्हती. यादी पुढे असलेली फाइल अर्धवट कॉपी झाली तर गंमत वेगळी: ती सुरुवातीपासून छान चालते, तुटलेल्या जागी संपते, आणि लॉगमध्ये `partial file` येतं.

दुसरा लॉग वरातीच्या चाळीस मिनिटांच्या फायलीचा:

```
[h264 @ 0x55d0c8a3f2c0] error while decoding MB 57 41, bytestream -12
```

एच.२६४ पद्धतीत फ्रेम १६ बाय १६ पिक्सेलच्या ठोकळ्यांत विभागलेली असते. `MB 57 41` म्हणजे डावीकडून ५७ वा आणि वरून ४१ वा ठोकळा, मोजणी शून्यापासून. सोळाने गुणलं की ९१२ आणि ६५६ पिक्सेल. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ही जागा जवळपास मधोमध, जराशी खाली. तिथे आकड्यांचा अर्थ लागेना, म्हणून त्या फ्रेमचा पुढचा भाग डीकोडरने अंदाजाने भरला. आणि हा डाग एका फ्रेमपुरता राहत नाही. पुढच्या फ्रेम मागच्या फ्रेमवर बेतलेल्या असतात, म्हणून स्वतंत्र, पूर्ण फ्रेम येईपर्यंत तो वाहत जातो. कॅमेऱ्यात अशी फ्रेम सेकंदभरात येऊ शकते. एक्स२६४ने बनवलेल्या फायलीत, मूळ सेटिंग न बदलता, ती २५० फ्रेमइतकी लांब असू शकते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दहा सेकंद.

ठोकळ्याचा पत्ता इतका नेमका, पण वेळ कुठेच नाही. या साधनाची ही खरी उणीव आहे. जागा शोधायची तर फाइल पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत तपासायची:

```
ffmpeg -v error -ss 00:20:00 -i "varat.mp4" -t 300 -f null -
```

ही ओळ विसाव्या मिनिटापासून तीनशे सेकंद तपासते. ज्या तुकड्यात तीच तक्रार येईल त्याचे आणखी लहान भाग करायचे. जागा सापडली की प्लेअरमध्ये तिथे जाऊन नुकसान किती ते डोळ्यांनी पाहायचं. वरातीच्या बाबतीत पुढचं सोपं झालं: फाइल भावाच्या पेन ड्राइव्हवर होती, ती पुन्हा उतरवून तपासली तर लॉग रिकामा आला. म्हणजे बिघाड कॉपीत होता.

तिसरा लॉग सर्वांत लांब होता, आणि सर्वांत निरुपद्रवी. कॅमकॉर्डरच्या एका कापलेल्या क्लिपच्या अगदी सुरुवातीला `non-existing PPS 0 referenced` आणि `no frame!` अशा ओळींची रांग होती. क्लिप पूर्ण फ्रेमच्या मधेच कापली की पहिल्या काही फ्रेमना आधार सापडत नाही. कापलेल्या क्लिपांत आणि टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमांतही हेच होतं. `non monotonically increasing dts` ही तक्रार तर चित्राबद्दल नाहीच; ती वेळेच्या शिक्क्यांच्या क्रमाबद्दल आहे. लॉगची लांबी पाहून घाबरू नये, शब्द वाचावेत.

मात्र `Input/output error` दिसलं तर तपासणी तिथेच थांबवावी. ही तक्रार फायलीची नसून डिस्कची आहे, आणि मरू घातलेल्या डिस्कवरून सगळं पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे तिला आणखी ताण देणं. आधी जमेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावं. तीच फाइल दोनदा तपासली आणि दोन्ही वेळा वेगळ्या चुका आल्या, तर केबल, मेमरी किंवा डिस्क यांच्यावर संशय घ्यावा.

रिकामा लॉग काय सांगत नाही तेही ध्यानात असू द्या. एच.२६४च्या प्रवाहात प्रत्येक फ्रेमला पडताळणीचा आकडा नसतो. आकड्यांचा मेळ बसेनासा झाला तरच डीकोडर ओरडतो. बदललेला बिट योगायोगाने अर्थपूर्ण निघाला तर चूक निसटते. जुन्या कॅसेटवरून उतरवताना आलेले पट्टे तर त्याला दिसतच नाहीत, कारण ते आता चित्राचाच भाग झाले आहेत. कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइलचं शेपूट नेमकं पाकिटाच्या हद्दीवर तुटलं तर तीही गुपचूप पास होऊ शकते. अशा फायलीची लांबी मूळ फायलीशी ताडून पाहावी.

म्हणून तपासणीत पास झालेल्या फायलींचा हॅशही त्याच दिवशी नोंदवून ठेवावा. विंडोजवर त्यासाठी वेगळं काही लागत नाही:

```
certutil -hashfile "varat.mp4" SHA256
```

वर्षा-दोन वर्षांनी हॅश पुन्हा काढून जुळवला की एकही बाइट बदलला नाही हे कळतं, आणि तेव्हा पुन्हा डीकोड करत बसावं लागत नाही. डीकोड-तपासणी मात्र पहिल्या कॉपीनंतर लगेच करा, आणि लॉग रिकामे येईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका. एफएफएमपेग बिघाड दाखवून देतो. हरवलेली फ्रेम परत आणायची तर दुसरी कॉपीच लागते.