पहिल्या पगाराचं गाणं

जात्यावर बसून आईनं मुलासाठी गायलेल्या ओव्या मराठीत उदंड आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. लेकाचं कौतुक आणि त्याची वाट पाहणं त्यांत पुन्हा पुन्हा येतं. शहरात गेलेल्या माणसाचंही गाणं आपल्याकडे आहे. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड मुंबईतला गडी गातो, पण तिच्यात गावाकडे राहिलेली असते ती त्याची बायको. लेकानं आईबापाला उद्देशून, पहिला पगार हाती आल्यावर गायचं गाणं मात्र ज्याचं त्यानंच बांधावं लागतं. ते आईच्याच चालीत, म्हणजे ओवीच्या अंगानं बांधावं, असं मला फार वाटतं. ती चाल तिच्या कानाला ओळखीची असते.

समजा, मुलगा माण तालुक्यातला आहे, आयटीआय करून चाकणच्या एका कारखान्यात लागलाय. पगार ठरला 18,000 आणि गावात तोच आकडा फिरतोय. मूळ वेतन 12,000 धरलं तर त्याच्या 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये भविष्य निर्वाह निधीत जातात. व्यवसाय कर 200, राज्य कामगार विम्याचे 135. खात्यात येतात 16,225. खोलीचा वाटा 2,500, मेस 3,200, जाण्यायेण्याचे नि मोबाइलचे 1,500. खोलीच्या डिपॉझिटसाठी मित्राकडून घेतलेले 2,500 परत केले की उरतात 6,525. त्यातले 5,000 तो गावी पाठवतो. गाण्यात आकडा घ्यायचाच असेल तर हा पाच हजारांचा घ्यावा. अठरा हजार गायले तर बाकीचे गेले कुठे, हे आईबाप मनातल्या मनात मोजत बसतील.

आता बांधणी. जात्यावरची ओवी अक्षरं मोजून होत नाही. बाई शब्द लांबवते, मध्ये ‘गं’ किंवा ‘बाई’ घालते आणि ओळ चालीत बसवते. नवख्याला हे साधत नाही, त्यानं अष्टाक्षरी धरावी. एका चरणात आठ अक्षरं, असे चार चरण, दुसऱ्या आणि चौथ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं, म्हणजे ‘चष्मा’ दोन अक्षरी. ‘पगार’ आपण बोलताना ‘पगार्’ असा तोडतो, तरी इथं अक्षरं तीनच. गाताना ‘गा’ थोडा लांबवला की ओळ सावरते.

पहिल्या झटक्याला बहुतेकांच्या हातून असं काही उतरतं:

उपकार तुझे मोठे,
कसे फेडू सांग आई

अक्षरं बरोबर आहेत, गाणं मात्र नाही. एक तर हे कुणीही कुणाच्याही आईला म्हणू शकतो. दुसरं म्हणजे ‘फेडू’ हा उधारीचा शब्द आहे. आईनं त्याचं खाणंपिणं वहीत लिहून ठेवलेलं नव्हतं. आणि ‘कसे फेडू’ असं विचारल्यावर तिनं उत्तर तरी काय द्यायचं? जुन्या मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी बोटभर जागा असायची. गिरणीतला माणूस तिथं मोजकंच लिहायचा: पैसे किती, कशासाठी, तब्येत कशी. या गाण्याला तीच शिस्त लागू पडते. म्हणून सुरुवात अशी:

पहिला पगार आई,
खात्यात आला गं आज,
पाळी सुटली तरीही
कानी मशीनची गाज

मुलगा कुठं उभा आहे हे आता कळतं. कारखाना कधीही न पाहिलेल्या आईलाही दिवसभराचा आवाज कळतो.

दुसरं कडवं वडिलांचं, आणि तेच अवघड. पैसे कशाला वापरायचे हे मुलाच्या मनात असतं. आईच्या चष्म्याची काडी मोडलीय, ती दोऱ्यानं बांधून चालवते. दुकानात खताची उधारीही आहे. मुलगा सरळ लिहितो:

अण्णा, पैसे पाठवले,
पाच हजार हे धरा,
आधी चष्मा घ्या आईला,
मागून उधारी भरा

ऐकायला झकास, यमकही पक्कं. पण इथं पोरगा बापाला हुकूम सोडतोय. ‘धरा’, ‘घ्या’, ‘भरा’, एकामागून एक तीन आज्ञा. कालपर्यंत घरातला पैसा ज्याच्या हातून जात होता, त्याला महिनाभर कमावलेल्या मुलानं क्रम लावून द्यावा, हे अण्णांना लागेल, आणि ते बोलूनही दाखवणार नाहीत. शिवाय उधारी आईसमोर गाण्यात आणली की ती स्वतःच म्हणणार, चष्म्याचं राहू दे. तेव्हा उधारी वगळावी आणि आज्ञाही काढाव्यात:

अण्णा, पाच हजार हे
तुमच्या हाती ठेवले,
आईचा चष्मा तुटला,
मी जाताना पाहिलेले

पैसे वडिलांच्या हातात गेले, निर्णयही त्यांचाच राहिला. मुलानं फक्त काय पाहिलं ते सांगितलं. पुढचं अण्णांना कळतं. माझ्या मते अख्ख्या गाण्याचा जीव या चार ओळींत आहे, म्हणून त्या घडवायला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा.

तिसऱ्या कडव्यात स्वतःचं. ‘मी मजेत आहे’ यावर कुठल्याही आईचा विश्वास बसत नाही. हालांचं वर्णन केलं तर तिला झोप लागत नाही. एक खोट सांगावी आणि लगेच तिला पुरून उरेल असं काही सांगावं:

मेसची चपाती कच्ची,
भात मात्र पोटभर,
गावाकडचेच चौघे,
खोलीचेच झाले घर

कच्च्या चपातीमुळे पोटभर भात खरा वाटतो.

चाल नवी शोधू नये. आई जी ओवी गुणगुणते तिचीच घ्यावी, आणि ती नीट आठवत नसेल तर सुट्टीत गेल्यावर तिच्याकडून आधी म्हणून घ्यावी. गाणं बहुधा मोबाइलवर रेकॉर्ड होऊन जाणार आणि लहानशा स्पीकरवर वाजणार. त्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत, ढोलकीचा घुमारा विरून जातो नि नुसती टकटक उरते. म्हणून वाद्याशिवाय, उघड्या गळ्यानं गावं. दर दोन चरणांनंतर श्वास घ्यावा. पंखा बंद करावा, कारण पात्यांची घरघर शब्दांवर चढते. आधी एकदा स्वतः फोन हातभर लांब ठेवून ऐकावं. ‘पाच हजार’ आणि ‘चष्मा’ हे दोन शब्द स्पष्ट आले नाहीत तर पुन्हा गावं.

शेवटी येण्याचं सांगायचं असतं, आणि भरात हमखास खोटं वचन दिलं जातं. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षात निघतो. माणदेशातला मुलगा त्या दिवशी गावी असणारच असं सगळे धरून चालतात. पण नोकरी नवी, अजून कायम झालेला नाही, रजा सुपरवायझरच्या हातात. म्हणून ओळीत ‘तर’ हवाच:

रथाला येईन आई,
रजा मिळाली तर गं,
नाहीतर नारळ तू
माझ्या नावे फोड बरं

‘तर गं’ आणि ‘बरं’ हे यमक सैल आहे, ओवीत ते खपतं. ते घट्ट करण्यासाठी ‘तर’ काढू नये. रजा नाकारली गेली, तरी आईकडे त्या दिवशी करण्यासारखं एक काम असतं, आणि गाण्यात सांगितलेलं काहीही खोटं ठरत नाही.